खाड्याचे पैसे कापायचे, तर हक्काची सुट्टी कोणती?

तापीकाठ, जळगाव: आमच्याकडे धुणी-भांडी-फरशीला ताई येतात. रोज दीड तास, महिना 1500. आखाजीला माहेरी गेल्या, चार दिवस खाडा झाला. घरचे म्हणतात, पैसे कापा. मला वाटतं, आठवड्याची सुट्टी ठरवून सगळं लिहून ठेवावं. तुमचं मत?

धुळेकर: लिहापढी नको. आम्ही दिवाळीला साडी देतो, अडीअडचणीला उचल देतो. कागद आला की माणुसकी संपते.

भुसावळवाला: 2008 चा घरेलू कामगार कायदा आहे ना! किमान वेतन त्यात ठरलंय.

अमळनेरची लेक: कायदा आहे, पण तो कल्याण मंडळाचा. 18 ते 60 वयाच्या कामगारांची नोंदणी आणि लाभ त्यात आहेत, पगाराचा दर नाही. आठवड्याला सलग 24 तास विश्रांती हवी, असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 2011 चा करार सांगतो. भारताने तो मान्य केलेला नाही. स्वतंत्र कायद्याचा विचार करायला समिती नेमा, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2025 मध्ये केंद्राला सांगितलं.

तापीकाठ, तुमचाच हिशोब करा. तीसही दिवस काम धरलं तर 45 तास होतात, म्हणजे तासाला 33 रुपये. आठ तासांचे 267. रोजगार हमीची 2025-26 ची मजुरी 312 होती. चार सुट्ट्या भरपगारी दिल्या तर 39 तास, आठ तासांचे 308. म्हणजे सुट्टी देऊनही तुम्ही रोहयोच्या खालीच आहात, आणि वर खाडा कापताय! एका घरातून दुसऱ्या घरी जायचा वेळ तर कुणीच मोजत नाही.

माझी आई हीच कामं करायची. चैत्रात कुरडया, बिबडे घालायला गच्चीवर दुपारपर्यंत थांबवायचे, पैसे तेवढेच. म्हणून कागदावर कामं नावानिशी लिहा. वाळवण आणि पाहुण्यांची भांडी यांचे पैसे वेगळे, वार ठरवून सुट्टी, आखाजी-कानबाईची रजा भरपगारी, उचल कशी फिटणार तेही. उचल तोंडी असली की वाद तिथेच होतो.

केळीबाग, रावेर: आमची आई अंथरुणावर आहे. बाई मुक्कामी असतात. रविवारी त्या गेल्या तर आईला कूस कोण बदलून देणार?

अमळनेरची लेक: रविवारच हवा असं नाही. तुम्ही घरी असाल तो वार धरा, नाहीतर त्या दिवसापुरती दुसरी बाई बघा. रात्री दोनदा उठावं लागत असेल, तर ती विश्रांती धरू नका.

केळीबाग, रावेर: दुसरी बाई परवडत नाही हो. मीही पगारदारच आहे. याला उत्तर सापडत नाही.

धुळेकर: वाळवणाचे वेगळे पैसे, हे पटलं. सह्या मात्र नकोत. आमच्या बाईंना वाचताही येत नाही.

अमळनेरची लेक: मग त्यांच्या मुलीसमोर वाचून दाखवा आणि एक प्रत त्यांच्याकडे द्या. पैसे दिले की दोन्ही प्रतींवर तारीख टाका.