दिवा आधी जवळ आणा

> रात्री घरात आजीची मुलाखत फोनवर शूट करतोय. चित्र दाणेदार येतं, आडवे पट्टे सरकतात, फोकस सारखा मागेपुढे होतो. काय करू?

वरच्या प्रतिसादांत ॲपची नावं आलीच आहेत, म्हणून मी दिव्यापासून सुरू करतो. टेबललॅम्प आजींपासून दोन मीटरवर असेल तर एक मीटरवर आणा, फ्रेमच्या जरा बाहेर, एका बाजूला. अंतर निम्मं झालं की चेहऱ्यावरचा उजेड साधारण चौपट होतो. म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, आयएसओ, १६०० लागत असेल तिथे ४०० पुरतो आणि दाणे तिथेच कमी होतात. नंतर सॉफ्टवेअरने दाणे पुसले की सुरकुत्याही पुसल्या जातात. आजींचा चेहरा मेणाचा दिसतो.

पट्ट्यांचं कारण वीज. आपल्याकडे ती ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये, जिथे सेटिंग हाताने ठेवता येतात, सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा. प्रत्येक फ्रेममध्ये शटर उघडं असतं तेवढ्यात बरोबर दोन लुकलुकी मावतात, पट्टे जातात. १/६० वर ते परत दिसतील. तरीही राहिले तर बल्बचा डिमर पूर्ण वाढवा किंवा बल्बच बदला, काही स्वस्त बल्ब कशालाच दाद देत नाहीत.

फोकससाठी आजींच्या डोळ्यावर बोट दाबून धरा, लॉक होईल. पण त्या पुढे झुकल्या तर पुन्हा करावं लागेल, म्हणून पाठ टेकायची खुर्ची द्या. आणि झूम नको, मुख्य १x लेन्सच वापरा. अंधारात बरेच फोन झूमसाठी त्याच लेन्सचं चित्र कापून मोठं करून देतात.