मदत हवी आहे: लघुपटाचे शीर्षक आणि श्रेयनामावली

सत्तरीकर: नमस्कार. सत्तरीतल्या जुन्या घरात पावसाळी रात्री घडणारा 'वळचण' हा १४ मिनिटांचा लघुपट आम्ही पूर्ण करत आहोत. त्यात संवाद थोडे आहेत आणि कौलांवरचा पाऊस सतत ऐकू येतो. शीर्षकाची अक्षरे संथपणे एकमेकांपासून दूर जावीत असे मी केले, पण त्यामुळे शिरोरेषेचे तुकडे पडतात. शेवटची ४० ओळींची नामावली ८० सेकंदांत वर सरकते, तीही थरथरते. चित्र १९२०×१०८०, २४ फ्रेमचे असून प्रत्येक ओळीला ९० पिक्सेल दिले आहेत. काय बदलावे?

फोंडेकर_७: अक्षरांत अंतर ठेवल्याने गांभीर्य येते, म्हणून ते काढू नका, शिरोरेषा नसलेला फॉन्ट घ्या. थरथर ६० फ्रेमने एक्स्पोर्ट केल्यास जाईल.

संकलक_मडगाव: अंतराची युक्ती रोमन अक्षरांना शोभते, देवनागरीत शिरोरेषा अखंड राहिली तरच शब्द एकसंध दिसतो. माझ्या मते शीर्षकाचे आकारांत रूपांतर करून शिरोरेषा वेगळ्या थरावर घ्यावी, ती आधी डावीकडून उजवीकडे उमटू द्यावी आणि मग पागोळ्यांप्रमाणे अक्षरे तिच्यापासून खाली उतरू द्यावीत. मात्र रूपांतरानंतर मजकूर बदलता येत नाही, म्हणून मूळ थर जपून ठेवा.

६० फ्रेमने एक्स्पोर्ट केल्यास २४ फ्रेमच्या टाइमलाइनमधल्याच फ्रेम पुन्हा येतील, थरथर तशीच राहील. नामावलीची उंची ३,६०० पिक्सेल आणि पडद्याची १,०८०, म्हणजे ८० सेकंदांत ४,६८० पिक्सेलचा प्रवास. तो दर फ्रेमला साधारण २.४४ पिक्सेल पडतो. अपूर्णांकामुळे आडव्या रेषा कधी ठळक, कधी पुसट दिसतात, आणि आपल्या लिपीत तर प्रत्येक शब्दावर आडवी रेघ असते. दर फ्रेमला नेमके ३ पिक्सेल ठेवल्यास ६५ सेकंद लागतील, २ ठेवल्यास ९७.५. तरीही २४ फ्रेममध्ये किंचित धक्का जाणवतोच. या चित्रपटाला मी सरकती नामावली देणारच नाही: सहा-सात स्थिर पाट्या, प्रत्येकी पाचेक सेकंद, आणि खाली केवळ पाऊस.

शिगमो_रसिक: आमचा लघुपट देवळाच्या मंडपात प्रोजेक्टरवर दाखवला, तेव्हा पातळ राखाडी अक्षरे कोणालाच वाचता आली नाहीत. शिवाय दोन कलाकारांची आडनावे चुकली होती, ते अजून बोलून दाखवतात. संगीतासाठी कोणी हवे असल्यास सांगा.

सत्तरीकर: संगीत नको आहे, आभारी आहे. पाट्या करून पाहिल्या. अर्ध्या मिनिटात सगळी नावे बसली आणि पाऊसही तुटला नाही. शिरोरेषेचा थरही जमला. आता शीर्षक काळ्या पडद्यावर आधीच यावे, की आजी दार लावते त्या पहिल्या प्रसंगानंतर?

संकलक_मडगाव: मी प्रसंगानंतर ठेवीन, कारण वळचण आधी दिसलेली असेल.

फोंडेकर_७: आधीच ठेवा. दार लागल्यावर मध्ये काळा पडदा आला की त्या घरातून आपण बाहेर पडतो.