मदत हवी आहे: बेसिनवर हिरवे डाग, पाण्याला निळसर झाक

नमस्कार. आम्ही मुलुंडला राहतो. बेसिनमध्ये नळाची धार पडते तिथे हिरवट डाग धरतोय, घासला तरी आठवड्यात परत येतो. काल पहाटेचं पहिलं पाणी पांढऱ्या बादलीत धरलं तर निळसर. दोन मिनिटं नळ सोडल्यावर स्वच्छ. म्हणजे रात्रभर थांबलेल्या पाण्यात पाइपाचं तांबं उतरतंय. भिंतीतली लाइन तांब्याची आहे, पण त्रास सोसायटीच्या टाकीत बोअरचं पाणी मिसळायला लागल्यापासूनच. पट्टीवर पीएच ६ आला, हवा किमान ६.५; म्हणजे पाणी आम्लधर्मी, तेच तांबं खात असणार. घरात तान्हं बाळ आहे, म्हणून जीव लागून राहिलाय.

बोअरच्या लाइनवर पीएच वाढवणारा कॅल्साइटचा फिल्टर कुणी बसवलाय का? पीएच टिकतो का, की पाइपच बदलावे? आणि लॅबला नमुना पहाटेच्या थांबलेल्या पाण्याचा द्यावा की वाहत्या?