मदत हवी आहे: पाच महिन्यांचं रिलेशन, लाइव्ह लोकेशन आणि ४१ मिस्ड कॉल, ही काळजी आहे का दुसरं काही?

सुरंगी_२६
नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबण होईल, सांभाळून घ्या. मी रत्नागिरीत एका लॅबमधे टेक्निशियन आहे, मैत्रिणीबरोबर रूमवर राहते, घर संगमेश्वरकडे गावात. तो चिपळूणचा, २९ वर्षांचा. डिसेंबरात चुलतबहिणीच्या लग्नात ओळख झाली, जानेवारीपासून आमचं सुरू आहे, घरात फक्त दादाला माहितीय.

आधी हे सांगते की तो वाईट नाहीये. मला ताप आला तेव्हा रात्री चिपळूणहून बाइकवर आला, डब्यात पेज आणि लिंबाचं लोणचं घेऊन, आणि रूमच्या खालूनच देऊन परत गेला. असं कोण करतं? म्हणूनच माझा गोंधळ उडालाय.

लोकेशनचं असं सुरू झालं की मी संध्याकाळच्या एसटीने गावी जात होते, तो म्हणाला पोचेपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन टाकून ठेव, मी आठ तासांचं टाकलं. मग ड्यूटीच्या दिवशी पण टाकायला लागले. व्हॅलेंटाइनला त्याने नवीन फोन दिला, स्वतःच बसून सेट करून दिला आणि तेव्हाच गूगल मॅप्सवर कायमचं शेअरिंग चालू केलं, रोज टाकायची कटकट नको म्हणून. मला तेव्हा छानच वाटलं होतं.

शिमग्याला आमच्याकडे पालखी घरी आली. आमच्या वाडीत रेंज नसते, वरच्या सड्यावर गेलं तरच येते. फोन घरात ठेवून मी आईबरोबर पालखीची ओटी भरायच्या गडबडीत. रात्री सड्यावर गेले तर ४१ मिस्ड कॉल, दादाला पण सहा. कॉल केल्यावर पहिलं वाक्य "कोणाबरोबर नाचत होतीस?" मी सॉरी म्हणाले, दोनतीनदा म्हणाले. दुसऱ्या दिवशी तो रडला, आठवड्याने ड्रेस पाठवला.

आता गेल्या महिन्यातलं. लॅबमधल्या मुलींबरोबर गणपतीपुळ्याला जायचं ठरलं. म्हणाला, "जा की, मी कोण सांगणारा." मग दिवसभर फोन बंद आणि रात्री मेसेज, "परशुराम घाटात वाटलं गाडी खाली सोडून द्यावी." मी परत कुठे जायचा विषयच काढला नाही. घरी सांगितलं तर लगेच लग्नाची बोलणी सुरू होतील आणि मग मागे फिरणं अवघड. त्याआधी कसं ओळखू?

मालवणची_काकी
गो बाय, तुका खरा सांगतंय, काळजी करणारो माणूस मिळाक नशीब लागता. आमचे हे तर माका कधी इचारूक पन नाय, खय गेलंस म्हणान. रात्री पेज घेऊन ईलो, तेका एवढ्यातेवढ्यावरसून सोडू नको. लगीन झाला की निवळता.

खाडीकाठचा
काकी, ४१ कॉल म्हणजे काळजी नव्हे. सुरंगी, तू सरळ २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली तक्रार कर, तो कायदा नुसत्या मारहाणीपुरता नाही, मानसिक त्रास पण त्यात येतो. माझ्या बहिणीच्या वेळी आम्ही तेच केलं.

वेंगुर्लेकरीण
मी बरीच वर्षं महिला समुपदेशन केंद्रात काम केलंय. खाडीकाठचा म्हणतात त्यातलं अर्धं बरोबर आहे. मानसिक त्रास त्या कायद्यात येतो, पण त्यासाठी लग्न किंवा लग्नासारखं एका घरात राहणं लागतं. त्यांची बहीण सासरी राहत होती म्हणून तो लागू झाला, सुरंगी त्याच्याबरोबर राहतच नाही. कायद्याचं नंतर बोलते, आधी तिचा प्रश्न.

सुरंगी, त्याचं प्रेम खरं का खोटं याचा निकाल लावत बसू नकोस, त्याने काहीच हाती लागत नाही. पेज पण खरी आणि ४१ कॉल पण खरे. बघायचं हे की त्याची काळजी संपते कुठे. एसटीतून उतरलीस, घरी पोचलीस की ज्याला काळजी असते तो झोपतो. तुझ्या बाबतीत आठ तासांचं कायमचं झालं, आणि रेंज नसल्याचा हिशेब तुला द्यावा लागला. पालखीच्या रात्री तू सुखरूप आहेस कळल्यावर त्याला हायसं वाटायला हवं होतं. त्याने विचारलं कोणाबरोबर होतीस. म्हणजे त्याला अपघाताची भीती नव्हतीच.

दुसरं, त्याच्यापेक्षा स्वतःकडे बघ. ड्यूटीत होम कलेक्शनला बाहेर पडायच्या आधी त्याला कळवतेस का, न विचारता? मैत्रिणीचा फोन आला की तो ऑनलाइन आहे का ते आधी बघतेस का? माझ्याकडे आलेल्या कितीतरी मुली सांगायच्या, तो मला काहीच बंदी करत नाही. खरंच करत नव्हता, त्याचा मूड जाऊ नये म्हणून त्याच एकेक गोष्ट सोडत गेल्या होत्या. गणपतीपुळ्याला त्याने तुला "जा" म्हटलं होतं, तरी पुढचं जाणं तूच बंद केलंस.

सुरंगी_२६
ताई हे वाचून पोटात गोळा आला. होम कलेक्शनचं अगदी खरंय, मी निघायच्या आधी मेसेज टाकते. त्याने कधी सांगितलं नव्हतं तसं.

देवगड_हापूस
माझं उलट आहे, मी मुलगा आहे आणि माझी गर्लफ्रेंड माझा फोन रोज चेक करायची, जीपेचे पैसे कुणाला गेले ते पण. मित्र हसायचे म्हणून कुणाला बोललो नाही. दीड वर्षात माझे सगळे मित्र तुटले, आता नातं संपलंय पण बागेच्या कामाला मजूर सोडले तर बोलायला कुणी नाही. प्रश्न तुझा आहे, माझं मधेच आणलं, पण तुझी रूममेट अजून तुझ्याशी बोलते का ते सांग.

सुरंगी_२६
बोलते, पण कमी. तो म्हणतो ती तुला बिघडवते, म्हणून मी तिला त्याच्याबद्दल काही सांगत नाही.

वेंगुर्लेकरीण
देवगड, मधेच आणलं असं वाटून घेऊ नका, हे पुरुषांनाही होतं आणि तुम्ही विचारलंत ते महत्त्वाचं आहे. सुरंगी, आजच रूममेटला सगळं सांग, ती पहिली माणूस.

मग एक छोटासा नकार देऊन बघ. मोठं भांडण नको, ब्रेकअपची धमकी नको. नुसतं, "मला कायमचं लोकेशन शेअर करायचं नाहीये, उशिरा प्रवास असेल त्या दिवशी मी टाकत जाईन." कारणांची यादी देऊ नकोस, दिलीस की तो एकेक कारण खोडत बसेल. पुढच्या तीनचार दिवसांत काय होतं ते बघ. माणूस नाराज होईल, एखादा दिवस गप्प बसेल, ते चालतं. नकाराची किंमत तुझ्याकडून वसूल व्हायला लागली की समजायचं. म्हणजे अबोला, घरच्यांना फोन, जीव द्यायची भाषा, किंवा लगेच दुसरी मागणी.

पण त्याने कधी हात पिरगळला असेल, वस्तू फोडली असेल, गळ्याला हात लावला असेल तर ही परीक्षा घेऊच नकोस, मग वेगळं बोलू.

घाटातला मेसेज मला सोडवत नाही. खरंच जीव द्यायच्या मनःस्थितीत असेल तर त्याला मदत हवी आणि ती तू एकटी देऊ शकत नाहीस. पुन्हा असं लिहिलं तर त्याच्या घरच्यांना लगेच कळव, वेळ आली तर ११२. १४४१६ ही टेली मानसची हेल्पलाइन आहे, तो नंबर त्याला दे. रात्री एकटी त्याला समजवायला जाऊ नकोस.

खाडीकाठचा
कायद्याचं चुकलं, मान्य. पण मग फोनचं काय? फोन त्याने सेट केलाय म्हणजे तो मेसेज पण वाचत असेल ना. मी असतो तर फोन तोडून फेकला असता.

वेंगुर्लेकरीण
फेकू नका, पुरावा त्यातच असतो. आणि वाचतो का नाही ते बघितल्याशिवाय कसं सांगणार. सुरंगी, रूममेटच्या शेजारी बसून बघ. व्हॉट्सअ‍ॅपमधे `Linked devices` उघड, तिथे तू न जोडलेला कॉम्प्युटर दिसला तर लॉग आउट कर. गूगल अकाउंटमधे `Your devices` बघ आणि रिकव्हरीचा नंबर, ईमेल कोणाचे आहेत ते बघ, तो त्याचा नंबर असेल तर तू पासवर्ड कितीही बदललास तरी तो पुन्हा आत येऊ शकतो. फोनच्या लॉकमधे अनोळखी बोटाचा ठसा आहे का तेही. आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट, ते रूममेटच्या फोनवर पाठव, मग बदल. शेअरिंग बंद केलंस की त्याला तू दिसायची थांबणार, म्हणजे कळणारच. म्हणून ते नाइट ड्यूटीच्या दिवशी करू नकोस, रूमवर कोणीतरी असेल तेव्हा कर.

सुरंगी_२६
(नऊ दिवसांनी)
रिकव्हरी नंबर त्याचाच होता. मी बदलला. `Linked devices` मधे काही नव्हतं, म्हणजे मेसेज वाचत नसावा असं समजतेय.

रविवारी त्याला लोकेशनचं लिहिलं, ताईंनी सांगितलं तेवढंच. तो "ओके, तुझी मर्जी" म्हणाला आणि मला इतकं हलकं वाटलं की मी रूममेटला मिठी मारली. सोमवार, मंगळवार एकदम गोड बोलला. बुधवारी म्हणाला, लोकेशन नको तर इन्स्टाचा पासवर्ड दे, विश्वासाला काहीतरी पाहिजे ना. मी नाही म्हटलं. मग गुरुवारी दादाला फोन, "तुमच्या बहिणीचं काहीतरी चाललंय, लक्ष ठेवा." दादा आधी माझ्यावरच चिडला, मग मी त्याला शिमग्याचे कॉल आणि घाटातला मेसेज दाखवला, तेव्हा गप्प झाला.

मालवणची_काकी
भावाक फोन केलो तां वायट केल्यान. माझा पयला बोलणा मागे घेतंय बाय. पन एकदा मोठ्या माणसांका बसवून बोलून बघूक नको?

वेंगुर्लेकरीण
काकी, ते सुरंगीने ठरवायचं. बैठकीत बरेचदा "आता करणार नाही म्हणून वचन दे" एवढ्यावर मिटवतात आणि दोघांना एकत्र बसवून देतात, हे मी पाहिलंय. थांबायचं ठरवलंस तर भेटून सांगायची गरज नाही, किनाऱ्यावर किंवा त्याच्या गाडीत तर नाहीच. एक स्पष्ट मेसेज, "मला हे नातं पुढे न्यायचं नाही, मला संपर्क करू नकोस." असा मेसेज लेखी असणं कामाचं, कारण नकार कळवल्यावरही कोणी पुन्हापुन्हा कॉल करत राहिलं, पाठलाग केला तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, पहिल्यांदा दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्यानंतर त्याला उत्तर द्यायचं नाही, शिवी पण नाही. लॅबच्या सरांना आणि वॉचमनला सांगून ठेव. एकटीला सुचत नसेल तर १८१ वर बोल.

सुरंगी_२६
मेसेज लिहून ड्राफ्टमधे ठेवलाय. अजून पाठवला नाही. मधेच ती पेज आठवते आणि बोट थांबतं. दादा शनिवारी रत्नागिरीत येतोय, तो फोन परत करायचा आहे, कुरिअरने पाठवू का दादाच्या हाती देऊ हे कळत नाहीये. कोणी असं केलं असेल तर सांगा.