प्रति: थंडी वाजून ताप, विडाल पॉझिटिव्ह

> कालपासून थंडी वाजून १०३ ताप, अंग ठणकतंय, डोकं फुटतंय. विडाल पॉझिटिव्ह आली म्हणजे टायफॉइडच ना?

विडालवर इतक्यात जाऊ नका हो. टायफॉइडच्या अँटीबॉडी दिसायला साधारण आठवडा लागतो, दुसऱ्या दिवशीची पॉझिटिव्ह बऱ्याचदा जुन्या इन्फेक्शनची नाहीतर लसीची असते, आणि टायफॉइडचा ताप सहसा हळूहळू चढतो, असा एका रात्रीत नाही.

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाच्याचं हेच झालं, टायफॉइड समजून गोळ्या सुरू, पण तो सारखा डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हणायचा, म्हणून चौथ्या दिवशी एनएस१ केली तर डेंग्यू. ही टेस्ट पहिल्या पाचेक दिवसांतच कामाची. सोबत मलेरियाचा स्मिअर करा, निगेटिव्ह आला आणि ताप राहिला तर परत करा, एकाच सॅम्पलमध्ये जंतू सापडतीलच असं नाही.

पाचव्या दिवशी ताप उतरला म्हणून आम्ही खुश, तर त्याच संध्याकाळी पोटात दुखून उलट्या सुरू! डेंग्यूत धोका ताप उतरतानाच असतो हे तेव्हा कळलं, ॲडमिट करून सलाईन लावावं लागलं. निदान होईपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल, ब्रुफेन-ॲस्पिरिन अजिबात नको, रक्तस्रावाची भीती असते.