चिठ्ठीच्या फोटोतून निघालेली औषधांची यादी तशीच वापरावी का?

वाशीकर: आईच्या संधिवाताच्या औषधांची हस्तलिखित चिठ्ठी फोनमधील ॲपने टिपली की नाव, मात्रा आणि दिवस यांची यादी मिळते. ती तशीच औषधांच्या डब्यावर चिकटवावी, असे माझे मत आहे. कोणाची हरकत आहे का?

नौपाड्यातील औषधविक्रेता: माझी हरकत अक्षर वाचण्याला नसून यादीच्या रकान्यांना आहे. एक गृहस्थ अशीच यादी घेऊन आमच्या दुकानात आले होते. मूळ चिठ्ठीवर फॉलिट्रॅक्स ७.५ दर रविवारी एक, चार आठवडे, आणि फॉलव्हाइट ५ दर सोमवारी एक, असे लिहिले होते. दोन्ही नावे यादीत अचूक उतरली होती, परंतु यादीत `times_per_day` असा रकाना होता आणि आठवड्याला जागाच नव्हती. त्यामुळे फॉलिट्रॅक्सपुढे दिवसातून एक, २८ दिवस, असे आले. फॉलव्हाइट म्हणजे फॉलिक ॲसिड, तर फॉलिट्रॅक्स म्हणजे मेथोट्रेक्झेट. मेथोट्रेक्झेट चुकून रोज घेतले, तर तोंडात व्रण येतात, रक्तपेशी घटतात आणि प्रसंगी जीवावर बेतते. चिठ्ठीप्रमाणे चार गोळ्या लागत होत्या, यादीप्रमाणे अठ्ठावीस. मागणीचा आकडा ऐकूनच मी मूळ चिठ्ठी मागितली.

घोडबंदरचा संगणकवाला: रकाना बदलणे तासाभराचे काम आहे, किती दिवसांनी आणि कोणत्या वारी, हे वेगळे नोंदवता येते. अडचण नावांची असते. वाचलेले नाव औषधांच्या कोशाशी ताडून सर्वांत जवळचे घ्यावे, म्हणजे ती मिटते.

नेरूळची निवृत्त शिक्षिका: मुळात डॉक्टरांनीच नीट लिहावे. शक्यतो मोठ्या लिपीत, सुवाच्य लिहावे, असा २०१६ पासून नियमच आहे. माझ्या रक्तदाबाच्या गोळीचे नाव मला तीन वर्षे वाचता आलेले नाही.

नौपाड्यातील औषधविक्रेता: बाई, आमच्या त्या चिठ्ठीत अक्षर सुवाच्यच होते. रकान्याचे मला मान्य आहे, कोशाचे अर्धेच मान्य आहे. कोशामुळे स्पेलिंग सुधारते. पण मधली अक्षरे फिसकटली, तर फॉलिट्रॅक्स आणि फॉलव्हाइट ही दोन्ही नावे कोशात असल्याने चुकीचे नावही बरोबर ठरून पुढे जाते. ‘५’ या आकड्यानेही निवाडा होत नाही, कारण मेथोट्रेक्झेटची ५ मिलिग्रॅमची गोळीही मिळते. अशा वेळी नाव रिकामे सोडून चिठ्ठीतील त्या ओळीचा कापलेला फोटो शेजारी दाखवावा.

घोडबंदरचा संगणकवाला: प्रत्येक शंकेला रिकामी जागा सोडली, तर लोक ॲप वापरणारच नाहीत.

वाशीकर: आईच्या यादीत दिवसांच्या रकान्यात तीन ठिकाणी ३० आहे. आता चिठ्ठी पाहिली, तर त्यांतल्या एका वेदनाशामक गोळीपुढे ‘SOS’, म्हणजे गरज पडेल तेव्हा, एवढेच लिहिले आहे, दिवस नाहीतच. मग हे ३० आले कोठून?

घोडबंदरचा संगणकवाला: बहुधा वरच्या ओळीतून. तो रकाना सक्तीचा ठेवलेला असावा.