१६ कोर घ्यावेत की १६ जीबीचं कार्ड?

मंजिरी, टिळकवाडी
ब्लेंडर सायकल्समध्ये बंगल्यांचे वॉकथ्रू आणि स्टिल करायचे आहेत. दुकानदाराने सारख्याच किमतीची दोन कोटेशन दिलीत. पहिल्यात रायझन ९ ७९५०एक्स, ३६० चा लिक्विड कूलर आणि ८ जीबीचं आरटीएक्स ५०६०. दुसऱ्यात रायझन ७ ७७००, एअर कूलर आणि १६ जीबीचं ५०६० टीआय. ऑफिस उद्यमबागेत, एसी नाही. कुठलं घेऊ?

संदीप, खानापूर
पहिलंच घ्या की ताई. रेंडर म्हणजे कोरचा खेळ. कार्ड काय, नंतर बदलता येतं. आणि कार्डाची मेमरी भरली तरी सायकल्स रॅम वापरतं, काम अडत नाही. एसी नसेल तर लिक्विड कूलर पाहिजेच.

अनघा, शहापूर
संदीपदादा, रॅम वापरतं हे खरं, पण टेक्श्चर रॅममध्ये गेली की तीच फ्रेम कितीतरी जास्त वेळ खाते. शिवाय सगळंच तिकडे सरकत नाही. मग `System is out of GPU memory` येतं आणि रात्रभर लावलेलं रेंडर तिथेच थांबतं. कोर कमी पडले तर उशीर होतो, मेमरी कमी पडली तर फ्रेमच येत नाही. फरक इथे आहे.

मंजिरीताई, हिशोब तुमच्याच कामाचा करू. ४के टेक्श्चरची जेपीजी फाइल डिस्कवर ५ एमबीची असली तरी कार्डावर ती उलगडून बसते: ४०९६ × ४०९६ × ४ बाइट, म्हणजे ६४ एमबी. बंगल्यात ४० मटेरियल धरा. प्रत्येकाला रंग, रफनेस आणि नॉर्मल असे तीन नकाशे. १२० × ६४ म्हणजे साडेसात जीबी. अजून झाडं, सोफे, पडदे आलेच नाहीत, आणि विंडोज व व्ह्यूपोर्ट आपला वाटा आधीच घेऊन बसलेत. ८ जीबीचं कार्ड इथेच संपलं.

किरण, निपाणी
माझं काम कोरोना रेंडररवर चालतं. तो सीपीयूवरच रेंडर करतो, कार्डाला विचारत नाही. मी १६ कोरच सांगेन.

अनघा, शहापूर
किरणदादा, तुमच्यासाठी ते बरोबरच. ताईंचं काम सायकल्सवर आहे. तिथे रेंडर कार्ड करतं आणि सीपीयू प्रत्येक फ्रेमचा सीन तयार करून देतो. त्याला ८ कोर पुरतात.

विनायक, उद्यमबाग
हिशोब पटला, पण १६ जीबी म्हणजे सगळं सुटलं असं नाही हं. रफनेसचे नकाशे खऱ्या ग्रेस्केलमध्ये सेव्ह केले तर ६४ ऐवजी १६ एमबीत बसतात. ४० नकाशांत जवळपास दोन जीबी तिथेच वाचले. लांबच्या भिंतीला २के पुरतं. झाडं `Shift+D` ने नाही, `Alt+D` ने वाढवा, म्हणजे जाळी एकदाच साठते. एवढी शिस्त असेल तर १२ जीबीचं आरटीएक्स ५०७० घ्यावं. त्यात ६१४४ कुडा कोर आहेत, ५०६० टीआयमध्ये ४६०८. वॉकथ्रूच्या हजारो फ्रेममध्ये तो वेग कामाला येतो.

कूलिंगचं मात्र संदीपरावांचं उलट आहे. ७९५०एक्स मोकळा सोडला तर २३० वॅटपर्यंत ओढतो, म्हणून त्याला ३६० चा कूलर लागतो. ७७०० चा टीडीपी ६५ वॅट, त्याला बरा एअर कूलर भरपूर झाला. पंप बंद पडला तर मशीन बसलं. पंखा बंद पडला तर दुसरा पंखा शनिवार खुटावर मिळतो. आणि कूलर कुठलाही असो, उष्णता त्याच खोलीत पडते.

उद्यमबागेत खरी अडचण धुळीची. फौंड्रीच्या आसपासच्या धुळीत लोखंडाचा कण असतो आणि त्यातून करंट वाहतो. पुढे जाळीचं कॅबिनेट, फिल्टरमागे १४० चे दोन पंखे आत फुंकणारे, मागे १२० चा एकच बाहेर टाकणारा. आत दाब जास्त राहिला की फटीतून धूळ शिरत नाही. फिल्टर दर पंधरवड्याला झाडा. काचेच्या तोंडाचं कॅबिनेट दुकानदार फुकट देतो म्हणाला तरी नको.

मंजिरी, टिळकवाडी
मशीन आल्यावर कूलिंग पुरतंय की नाही, कसं ओळखू?

विनायक, उद्यमबाग
दुपारी खरं रेंडर अर्धा तास लावा आणि शेजारी हे चालू ठेवा:

```
nvidia-smi --query-gpu=memory.used,temperature.gpu,clocks.sm,power.draw --format=csv -l 5
```

सुरुवातीचा क्लॉक आणि तिसाव्या मिनिटाचा क्लॉक बघा. बराच खाली आला असेल तर बाजूचं झाकण काढा. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं तर दोष कार्डाचा नाही, कॅबिनेटला वारा कमी पडतोय.

संदीप, खानापूर
कोरचं मागे घेतो. पण रॅम ३२ ठेवू नका, ६४ करा. सीन आधी रॅममध्येच उभा राहतो.

अनघा, शहापूर
हे बरोबर. जास्तीचे पैसे घालायचेच तर तिथे घाला. ५०७० चं मात्र मला पटत नाही, विनायकराव. क्लायंट शेवटच्या दिवशी बागेत तीस झाडं वाढवायला सांगतो, तेव्हा टेक्श्चर आवळत बसायला वेळ कुठे असतो?

विनायक, उद्यमबाग
तीस झाडं एकाच जातीची असली तर मेमरी एकाच झाडाची जाते, ताई. तीस जाती असतील तर तुमचं खरं.